‘गं. भा. भा. – 6’ : आजोबांच्या डायरीतला एक आठवडा

आजोबांच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आजीच्या पत्र्याच्या पेटीत ती डायरी सापडली. निळं रेक्झिन, आत 1971 सालच्या छापील तारखा, पानापानाला वाळवीनं कुरतडलेली कड. श्राद्धाला सगळं घर गावी जमलं होतं. आमचं गाव आष्टी तालुक्यातलं, बीड जिल्ह्यातलं. रात्री जेवणं झाल्यावर अप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, म्हणाले, “वाच की मोठ्यानं. तुला कागदं वाचायची सवय आहे.” मी हिशेब तपासणीचं काम करते, त्यांना तेवढंच ठाऊक.

त्या रात्री ओसरीवर जे वाचलं, त्यातला एक आठवडा इथे तपशिलानं मांडते आहे. गावातल्या एका बाईचं नाव बदललं आहे, पण आद्याक्षर तेच ठेवलंय, कारण सगळी गाठ त्या अक्षरातच आहे.

पहिली चूक मी पहिल्याच पानाला केली. छापील तारीख वाचली, “4 एप्रिल 1971, रविवार,” आणि खालची ओळ वाचली :

*पाडवा. बुध. गुढी उभारली. गाठी नाही. कामावर सुट्टी.*

आत्या म्हणाली, “रविवारच्या पानावर बुधवार कसा?” मला वाटलं, घाईत लिहिलं असेल. पण पुढचं पान उलटलं, तिथेही छापील वार एक आणि हातानं लिहिलेला दुसरा, आणि दोघांत अंतर दर वेळी तेवढंच. इतकी नियमित चूक माणूस करत नाही. म्हणजे डायरी जुनी, पण लिहिलेली नंतर कधीतरी. 1971 ला पाडवा 27 मार्चला होता, तेव्हा ते साल गेलंच. 4 एप्रिलला बुधवार आणि पाडवा दोन्ही बसतात ते 1973 ला. जुनी कोरी डायरी कुठून तरी मिळाली असेल. वहीला पैसे कशाला घालायचे, म्हणून आजोबांनी तिच्यातच लिहून काढलं.

साल कळल्याबरोबर अप्पा सरसावून बसले. “म्हणजे दुष्काळाची डायरी आहे ही!”

आमच्याकडे दुष्काळ म्हटलं की बाहत्तरचाच. सलग दोन-तीन वर्षं पाऊस गेला, 1972 ला तर पिकाचं नावच राहिलं नाही, आणि त्याची खरी झळ पोचली ती 1973 च्या उन्हाळ्यात. म्हातारी माणसं अजून सांगतात की तेव्हा विहिरीला थोडंफार पाणी होतं, पण खायला दाणा नव्हता. सरकारनं कामं काढली : पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, आणि गावोगाव खडी फोडायची. त्या मे महिन्यात महाराष्ट्रभर 50 लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. माझ्या चुलत भावानं विचारलं, “म्हणजे रोजगार हमी ना?” हमीचा कायदा 1977 चा, या अनुभवातूनच पुढे आलेला. आजोबांच्या डायरीत त्या कामाला साधं “दुष्काळी काम” म्हटलंय.

आजोबा सातवी पास होते. त्यामुळे आजी खडी फोडायला आणि आजोबा तिथेच हजेरी कारकून, अशी दोघं एकाच कामावर होती. हजेरीपट सरकारी, तो कचेरीत जायचा. स्वतःजवळ नोंद असावी म्हणून ते डायरीत नक्कल उतरवायचे. रोजच्या ओळी साध्या पेन्सिलीनं, फिकट झालेल्या. पगाराच्या वेळची नक्कल मात्र कॉपिंग पेन्सिलीनं, जिभेला टोक लावून लिहिली की जांभळी उमटणारी. ती ओळखू येते, कारण ओल लागली तिथे अक्षराभोवती जांभळा डाग पसरलेला असतो. फिकट ओळी वाचायला मी मोबाईलची बॅटरी पानाच्या कडेला आडवी धरली. उजेड वरून पडला की काही दिसत नाही, आडवा पडला की पेन्सिलीनं कागदावर पाडलेली चर दिसते.

पुढच्या अडचणी आद्याक्षरांच्या होत्या. “मि. 12” असं जागोजागी होतं. जुन्या कागदांत “मि.” म्हणजे मिती, म्हणून मी बिनधास्त “मिती द्वादशी” वाचत गेले. तिसऱ्या ठिकाणी “मि. 12 कि. कार्डावर” आलं आणि मी थांबले. मितीला किलो कुठून येतील? आजी पाठ टेकून बसली होती, ती म्हणाली, “मिलो गं. लाल मिलो. अमेरिकेची ज्वारी. भाकर थापली की तुटायची.” रेशनवर मिळणारी ती लाल ज्वारी. मग मागच्या सगळ्या “मिती” मला दुरुस्त करून पुन्हा वाचाव्या लागल्या.

“सु. 8”, “सु. 7” असंही रोज होतं. आत्याचं नाव सुमन. ती म्हणाली, “मला रोज आठ पैसे द्यायचे वाटतं बाबा!” आत्या तेव्हा चार वर्षांची. कुणाला तिचं मन मोडवेना. पण तो आकडा रोजच्या हजेरीच्या आकड्याला तंतोतंत जुळत होता : हजर 8, सु. 8. हजर 7, सु. 7. ती सुकडी होती, कामावर माणशी वाटायची, भाजलेल्या पिठाची. आजीनं मान हलवली. “निम्मी मी पदरात बांधून आणायची. तुला आन् अप्पाला.” आत्या काही बोलली नाही.

या दोन प्रसंगांनंतर मी एक रीत धरली. आधी ओळ जशी आहे तशी वाचायची, अक्षरं न फोडता. मग अर्थ सांगायचा, आणि तो कशावरून लावला तेही सांगायचं. ही रीत नसती, तर पुढचा आठवडा आमच्या हातातून निसटला असता.

आमच्या घरात एक गोष्ट लहानपणापासून ऐकलेली आहे. दुष्काळी कामावर आजोबांनी आजीचेच खाडे मांडले. आजी पाणी आणायला गेली होती, हजेरीला दोन मिनिटं उशीर झाला, आणि “नियम तो नियम” म्हणून त्यांनी सख्ख्या बायकोचा पगार कापला. अप्पा ही गोष्ट अभिमानानं सांगतात, आजोबांच्या सचोटीचा दाखला म्हणून. आजी मात्र ती कधीच सांगायची नाही. कुणी काढली की उठून आत जायची.

आता तो आठवडा. सोमवार 7 मे 1973 ते शनिवार 12 मे. पेन्सिलीच्या रोजच्या ओळी अशा :

*सोम. हजर 8. सु. 8.*
*मंगळ. हजर 8. सु. 8. पाणी उशिरा.*
*बुध. हजर 7. सु. 7. सकाळी भा. कडे. दुपारी परत.*
*गुरु. हजर 7. सु. 7. सौ. च्या हाताला चीर. चिंधी बांधली.*
*शुक्र. हजर 7. सु. 7.*
*शनि. हजर 7. सु. 7. माप 40 पेटी.*

आणि खाली जांभळ्या अक्षरात, वाटपाच्या दिवशी, मंगळवार 22 मे रोजी उतरवलेली टोळीची नक्कल. आठ बायका, प्रत्येकीपुढे हजेऱ्या. तिसऱ्या ओळीत “सौ. – 2” आणि सातव्या ओळीत “गं. भा. भा. – 6”. बाकी सहा जणींपुढे 6-6. एकूण 44. खाली “4 ब्रास, दर 22, रु. 88”.

मी वाचलं, “गं. भा. भा.” आणि म्हटलं, इथे “भा.” चुकून दोनदा पडलंय. गंगाभागीरथी हे विधवेच्या नावाआधी लिहायची पद्धत, त्यापुढे नाव हवं, ते राहिलंय. पुढे जाणार तेवढ्यात आजी सरळ होऊन बसली.

“भागाबाई,” ती म्हणाली. “गं. भा. भागाबाई. माझ्या टोळीत होती.”

मी मागची पानं उलटली. एप्रिलभर, आणि मेच्या पहिल्या आठवड्यातही, त्याच सातव्या ओळीत “सौ. भा.” होतं. या आठवड्याच्या नक्कलेत ते पहिल्यांदा “गं. भा. भा.” झालं. डायरीत मृत्यूची नोंद कुठेच नाही, पण नावाआधीची दोन अक्षरं बदलली, तीच नोंद. बुधवारी सकाळी आजोबा “भा. कडे” का गेले होते, तेही आता लागलं. “त्याच दिवशी पहाटे वारला तिचा नवरा,” आजी म्हणाली. “भागा त्या आठवड्यात पुन्हा कामावर आलीच नाही. कशी येणार?”

इथे मी वाचन थांबवलं आणि अप्पांकडून एक कोरा कागद मागून घेतला.

बुधवारपासून चार दिवस भागाबाई कामावर नव्हती. सोमवार-मंगळवार आठजणी, पुढचे चार दिवस सातजणी : 16 आणि 28, एकूण 44 हजेऱ्या. पेन्सिलीचा हिशेब 44, जांभळा हिशेबही 44. पण जांभळ्यात भागाबाईपुढे 6 आहेत, आणि आजीपुढे 2. नवऱ्याच्या सुतकात घरी बसलेली बाई सहाही दिवस हजर, आणि आजी चार दिवस गैरहजर. गुरुवारी मात्र “सौ. च्या हाताला चीर” आहे. आजोबा बायकोला नुसतं “सौ.” लिहायचे, बाकीच्या बायकांना “सौ.” पुढे आद्याक्षर. तेव्हा गुरुवारी कामावर हात कापून घेणारी बाई माझी आजीच.

आजीनं डावा अंगठा दिव्याकडे केला. नखाच्या मुळापासून खाली तिरकी, पांढरट रेघ. “कपची उडाली होती,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी कामावर होते. मी म्हणत होते ना.”

अप्पांचा चेहरा उतरला. “म्हणजे बाबांनी खोटी हजेरी लावली?”

लावली. मी ते तसंच सांगितलं. माझ्या टेबलावर असा पट आला असता तर मी त्यावर लाल शेरा मारला असता, आणि आजोबांचा पट आहे म्हणून त्याला दुसरं नाव देणं मला जमणार नाही. पण नुसती खोटी हजेरी म्हणून सोडून देण्यासारखंही ते नव्हतं. पैसे कसे वाटले जायचे ते कळल्याशिवाय त्यांनी काय केलं ते दिसत नाही.

खडीचा पगार दिवसावर ठरत नव्हता, मापावर ठरत होता. बिनतळाची लाकडी पेटी जमिनीवर ठेवायची, खडीनं काठोकाठ भरायची, उचलायची, पुढे सरकवायची. डायरीच्या शेवटच्या पानावर आजोबांनी पेटीचं माप लिहून ठेवलंय : 5 फूट लांब, 2 फूट रुंद, 1 फूट उंच, म्हणजे 10 घनफूट. अशा 10 पेट्या म्हणजे 100 घनफूट, म्हणजे 1 ब्रास. त्या आठवड्यात टोळीनं 40 पेट्या खडी फोडली, 4 ब्रास. दर 22 रुपये, टोळीला 88 रुपये. ते 88 हजेरीच्या आकड्यानं भागायचे. 44 हजेऱ्या, म्हणून एका हजेरीला 2 रुपये. हजेरी वाढवली म्हणून सरकारकडून एक पैसाही जास्त येत नव्हता. आहे त्याच पैशाचे वाटे बदलत होते.

खरी हजेरी मांडली असती तर भागाबाईला दोन दिवसांचे 4 रुपये मिळाले असते. नवरा गेलेल्या आठवड्यात 4 रुपये.

तिला नुसतेच चार दिवस वाढवून दिले असते, तर हजेऱ्या 48 झाल्या असत्या. 88 ला 48 नं भागलं की सहा दिवसांचे होतात 11 रुपये. भागाबाईला 11 मिळाले असते, पण बाकीच्या सातही जणींचा एकेक रुपया गेला असता. शिवाय रोजची हजेरी 7 आणि सुकडीही 7, तिथे 48 बसलंच नसतं. कुणी तपासायला आलं असतं तर पहिल्या नजरेत पकडलं असतं.

बेरीज 44 च ठेवायची आणि भागाबाईला पुरे 12 द्यायचे, तर तिचे चार खाडे दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर टाकणं भाग होतं. आठ रुपये. आजोबांना हात घालता येईल अशी टोळीत एकच बाई होती.

मी कागद अप्पांच्या हातात दिला. त्यांनी दोनदा बेरीज केली.

माझ्या धाकट्या काकांनी एक शंका काढली, आणि ती रास्त होती. नक्कल उतरवताना ओळ सरकली असेल तर? वरचा आकडा खाली, खालचा वर, असं होतं. मीही आधी तोच विचार केला होता. पण ओळ सरकते ती शेजारच्या ओळीत. तिसरी आणि सातवी ओळ एकमेकींत मिसळत नाहीत, आणि मधल्या तिघींचे आकडे जागेवर आहेत. शिवाय त्या नक्कलेत दिवसवार फुल्याही आहेत. आजीच्या ओळीतल्या फुल्या नेमक्या बुध, गुरु, शुक्र, शनि, म्हणजे भागाबाई ज्या दिवशी नव्हती तेच दिवस. चुकून झालेली अदलाबदल असती, तर वाटपाच्या वेळी आजीनं भांडून दुरुस्त करून घेतली असती. ती भांडलीच होती. दुसऱ्याच दिवसापासूनच्या ओळी तशा आहेत :

*बुध. सौ. बोलत नाही.*
*गुरु. सौ. बोलत नाही.*
*शुक्र. बोलत नाही. हात बरा.*

त्यांनी असं का केलं, हे डायरीत एका शब्दानंही नाही. आकडे काय झालं ते सांगतात. मी घरच्यांनाही हेच सांगितलं की इथपर्यंत माझं वाचन, यापुढे माझा अंदाज. आठ रुपये आजोबांनी स्वतःच्या पगारातून सरळ भागाबाईच्या हातावर का ठेवले नाहीत, हे मला तरी सुटत नव्हतं. ते आजीनं सोडवलं.

“घेतले नसते तिनं,” आजी म्हणाली. “उसनं नाही, धर्माचं तर नाहीच नाही. मी मिलोचं पीठ घेऊन गेले होते तेराव्याच्या आत, तर परत पाठवलं. पगार म्हणून आलं तेव्हा अंगठा उठवून घेतलं.”

“मग तिला कळलं नाही? सहा दिवसांचे पैसे कसे आले ते?”

“कुठून कळणार? आकडा वाचता येत होता का तिला? मला तरी येत होता का?” आजी थोडा वेळ गप्प राहिली. “मला वाटलं, चार दिवस हजेरीला माझं नावच घेतलं नाही. मी समोर बसून खडी फोडतेय, आन् हा माणूस माझं नाव घेत नाही. पैशाचं दुःख नव्हतं गं एवढं.”

पाणी आणायला गेली आणि उशीर झाला, ही गोष्ट मग आली कुठून, असं अप्पांनी विचारलं. आजी म्हणाली, ती आजोबांचीच. लोकांनी विचारलं तेव्हा त्यांनी तसं सांगितलं, आणि पुढे पन्नास वर्षं तेच चाललं. तिनं कधी खोडून काढलं नाही, कारण खरं काय ते तिलाही माहीत नव्हतं.

रात्र बरीच झाली होती. पोरं तिथेच आडवी झाली होती. आत्यानं डायरी मिटायला हात पुढे केला, तेव्हा आजी म्हणाली, “गुरुवारचं परत वाच.”

मी बॅटरी आडवी धरून वाचलं, “सौ. च्या हाताला चीर. चिंधी बांधली.”

“चिंधी त्यांच्याच धोतराची होती,” ती म्हणाली. मग अंगठ्यावरच्या रेघेवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंड ठेवून झाल्यावर अप्पांनी विषय काढला. भागाबाई जाऊन वीस-बावीस वर्षं झाली, पण तिचा मुलगा-सून गावातच आहेत, वेशीजवळ. श्राद्धाच्या जेवणाला त्यांना बोलावलं होतं. आपण त्यांना डायरी दाखवू, अप्पा म्हणाले, त्यांनाही कळू दे.

आजी वाढायला उठत होती. भाकरीची टोपली तिनं परत खाली ठेवली.

“काही सांगायचं नाही,” ती म्हणाली. “त्यांच्या आईनं सहा दिवस खडी फोडली आन् सहा दिवसांचा पगार घेतला. ते तसंच राहू दे.”